गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं: क्रेडिट अडकली कुठे?

*मॅडम, मी बीकॉमची दोन वर्षं पूर्ण केली. बाबांची बदली झाल्यामुळे तिसऱ्या वर्षाला दुसऱ्या शहरात, दुसऱ्या विद्यापीठाच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा आहे. तिथल्या ऑफिसने अपार आयडी मागितला आणि 'खात्यात क्रेडिट दिसली पाहिजेत' असं सांगितलं. माझ्या मैत्रिणीच्या खात्यात पहिल्या तीन सेमिस्टरची क्रेडिट दिसतात, माझ्या खात्यात काहीच नाही. आधारवर माझ्या नावाचा क्रम आणि आडनावाचं स्पेलिंग गुणपत्रिकेपेक्षा वेगळं आहे, जन्मतारीखही वेगळी आहे. सायबर कॅफेतले दादा म्हणतात, गॅझेट करून गुणपत्रिका आधारप्रमाणे करून घे, नाहीतर सरळ दुसरा अपार आयडी काढ. प्रवेशाची शेवटची तारीख तीन आठवड्यांवर आलीय. काय करू? — एक विद्यार्थिनी*

बाळा, दादांचं एकही काम आज करू नकोस. दोन्ही वाटांनी गुंता वाढेल, आणि पैसे जातील ते वेगळेच.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस. मैत्रिणीच्या खात्यात तीन सेमिस्टर दिसतात. तुम्ही दोघी चार सेमिस्टर शिकलात. म्हणजे चौथं तिच्याही खात्यात नाही, आणि तिच्या नावात तर काही घोळ नाही. याचा अर्थ विद्यापीठाने चौथ्या सेमिस्टरची फाइल अजून चढवलेलीच नाही. हे खातं म्हणजे एबीसीचं, क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी बँकेतलं तुझं खातं. निकाल लागला की क्रेडिट आपोआप त्यात येतात अशी बऱ्याच जणांची समजूत असते, पण तसं होत नाही. विद्यापीठाचा परीक्षा विभाग निकालाची फाइल तयार करतो, ती पोर्टलवर चढवतो, आणि मग ती एकेका विद्यार्थ्याच्या खात्याशी जोडली जाते. निकाल आणि हे चढवणं यांत काही वेळा महिने जातात. तेव्हा चौथ्या सेमिस्टरचा प्रश्न तुझा नाहीच. तुझा प्रश्न पहिल्या तिनांचा आहे, कारण त्यांची फाइल नक्की गेली, बाकीच्यांना क्रेडिट मिळाली, आणि तुझी ओळ मध्येच कुठेतरी पडली.

मी बरीच वर्षं एका विद्यापीठाच्या पात्रता विभागात टेबलावर होते, म्हणून ही ओळ कशी पडते ते सांगते. फाइलमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ असते. त्यात पीआरएन म्हणजे विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक, नाव, जन्मतारीख, लिंग, विषयवार क्रेडिट आणि बारा अंकी एबीसी आयडी, म्हणजेच आताचा अपार आयडी. पोर्टल तो बारा अंकी आकडा बघतं आणि त्या खात्यातलं नाव, जन्मतारीख, लिंग फाइलमधल्या तपशिलाशी ताडून बघतं. जुळलं तर क्रेडिट खात्यात जातात. नाही जुळलं तर ती ओळ बाजूला पडते आणि न जुळलेल्यांच्या यादीत जाते. ही यादी विद्यापीठ कॉलेजला पाठवतं, कॉलेज ती नोटीस बोर्डावर किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतं, आणि ज्याचं नाव असतं तो नेमका त्या दिवशी ग्रुप म्यूट करून बसलेला असतो. तुझ्या बाबतीत असंच काहीसं झालं असावं. पण 'असावं' यावर आधार केंद्रात रांग लावायची नाही.

आधी जुन्या कॉलेजात जा. परीक्षा विभागाला एकच प्रश्न विचार: माझ्या पीआरएनपुढे कोणता एबीसी आयडी नोंदवलाय? तो आकडा तुझ्या मोबाइलमधल्या डिजिलॉकरच्या कार्डाशी अंक अंक लावून बघ. हे मी उगाच सांगत नाही. आधार क्रमांक बारा अंकी, अपार आयडीही बारा अंकी. पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या गर्दीत, अर्ज भरताना अपारच्या चौकटीत आधारचा आकडा टाकलेले विद्यार्थी मी डझनांनी पाहिलेत. कधी दोन अंकांची अदलाबदल असते, कधी ती चौकट रिकामीच सोडलेली असते. तुझ्या आकड्यात अशी चूक निघाली तर ती कॉलेजच्या एका अर्जावर सुटते. ती आधी सुधारली नाहीस, तर आधार कितीही दुरुस्त केलंस तरी क्रेडिट येणार नाहीत, आणि तुला वाटेल आधारवाल्यांनी काम नीट केलं नाही.

आता धरून चालू की आकडा बरोबर आहे. मग उरतात नाव आणि जन्मतारीख. तू नावं कळवली नाहीस ते बरंच केलंस, म्हणून मी मनचं नाव आणि मनच्याच तारखा घेते. तुझ्या प्रकरणाचं चित्र साधारण असं दिसत असणार:

```
Marksheet : PAWAR VAISHNAVI SUNIL    14/09/2005
Aadhaar   : Vaishnavi Sunil Pavar    01/01/2005
```

यात तीन फरक आहेत, पण तिन्ही एका पातळीचे नाहीत.

पहिला फरक क्रमाचा. हा आपल्याकडचा खास प्रकार. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर, पॅनवर, बँकेत आपलं नाव आधी आणि आडनाव शेवटी. लाखो मुलांचं असंच आहे आणि ती चूक नाही, दोन खात्यांच्या दोन रीती आहेत. म्हणून आधारवरचा क्रम बदलायला जाऊ नकोस. तो गुणपत्रिकेसारखा केलास तर उद्या पॅन आणि पासपोर्टशी भांडण सुरू होईल. क्रमामुळे ओळ अडली असेल तर फाइलमध्ये नाव कसं पाठवायचं हे विद्यापीठाच्या हातात असतं, आणि हा प्रश्न त्यांच्यासमोर रोज येतो. अर्जात त्याचा उल्लेख कर, एवढं पुरे.

दुसरा फरक स्पेलिंगचा, `W` आणि `V` चा. आपल्याला दोन्ही 'पवार'च वाचायला येतं, पण संगणकाला एक अक्षर वेगळं म्हणजे माणूस वेगळा. हा फरक मिटवायलाच हवा.

तिसरा फरक तारखेचा, आणि तुझ्या प्रकरणात खरी गाठ हीच आहे असं मला वाटतं. आधारवर एक जानेवारी कशी आली असेल? सुरुवातीच्या वर्षांत गावोगावी नोंदणीची शिबिरं लागली तेव्हा जन्मदाखला जवळ नसेल तर सांगितलेली किंवा अंदाजे तारीखही घेत. बऱ्याच जुन्या कार्डांवर नुसतं जन्मवर्ष छापलेलं आहे. जिथे पूर्ण तारीख लागते तिथे अशा वर्षाची एक जानेवारी होऊन बसते. आपल्या आधीच्या पिढीत शाळेतले गुरुजी सरसकट एक जून लिहायचे. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं 'एक जूनवाली' होती आणि वर्गात वाढदिवसाचा लाडू एकाच दिवशी मिळायचा. तुमच्या पिढीत एक जूनची जागा एक जानेवारीने घेतली, एवढंच.

आता दादांच्या सल्ल्याकडे येते, कारण त्यामागे एक गृहीत आहे आणि ते तू नकळत मान्य केलंयस. आधार सगळ्यात वरचा कागद आहे, म्हणून बाकी सगळं त्याच्याप्रमाणे झालं पाहिजे, असं ते गृहीत. जन्मतारखेच्या बाबतीत हे खरं नाही. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे खुद्द आधार प्राधिकरणाने २०२३ च्या डिसेंबरात स्पष्ट केलं. २०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही अपघात भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. आधार सांगतं की हा माणूस तोच आहे. तो कधी जन्मला हे जन्मदाखला आणि शाळेची नोंद सांगते.

आणि कामाच्या बाजूनेही उलटा रस्ता लांबचा आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि तारीख शाळेच्या जनरल रजिस्टरवरून आलेली असते. ती बदलायची तर मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जातो, रजिस्टरचा उतारा लागतो, मूळ कागद जमा करावे लागतात, आणि विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर तर मंडळ उघड चूक असल्याशिवाय हात लावत नाही. समजा ते झालंच, तर पुढे बारावी, मग विद्यापीठाची पात्रता, पीआरएनची नोंद आणि चार सेमिस्टरच्या गुणपत्रिका, सगळं नव्याने. एका जानेवारीसाठी आठ कागद बदलायचे, की आठ कागदांसाठी एक आधार? शिवाय तुझा खरा जन्म सप्टेंबरातला. खरी तारीख असलेले कागद खोट्या तारखेला जुळवून घ्यायचे, हे मला मुळातच पटत नाही. बापाचं नाव मुलावरून ठेवण्यातला प्रकार.

एक अपवाद सांगून ठेवते, कारण हे वाचणाऱ्या कोणाचं तसं असू शकतं. जन्मदाखला, आधार, शाळेचं रजिस्टर या सगळ्यांवर एकच तारीख आहे आणि फक्त दहावीच्या प्रमाणपत्रावर छापताना चूक झाली, तर मंडळाकडेच जायला हवं. तिथे रजिस्टरचा उतारा तुमच्या बाजूने बोलतो.

गॅझेट कशासाठी असतं? माणूस आपलं नाव खरोखर बदलतो तेव्हा. लग्नानंतर, दत्तक गेल्यावर, किंवा आपखुशीने. `Pavar` चं `Pawar` करणं ही दुरुस्ती आहे, बदल नव्हे. बरोबर स्पेलिंगचा कागद गुणपत्रिकेच्या रूपाने तुझ्या हातात आहेच. राजपत्रात नाव आलं म्हणून दहावीचं प्रमाणपत्र आपोआप बदलतं असंही नाही.

आणि दुसरा अपार आयडी? तो तर काढायचाच नाही. 'एक विद्यार्थी, एक आयडी' हीच तर यामागची कल्पना. दुसरा आयडी कसा निघतो ठाऊक आहे? कोणी आईच्या मोबाइलवर आधार न जोडता डिजिलॉकर उघडतो, नंतर स्वतःच्या मोबाइलवर आधारसह दुसरं उघडतो, आणि दोन्हीकडे कार्ड काढतो. मग पहिल्या वर्षाची क्रेडिट एका खात्यात आणि दुसऱ्या वर्षाची दुसऱ्यात. ती एकत्र आणण्याची पत्रापत्री स्पेलिंगच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी किचकट असते. तुझंही एखादं जुनं खातं घरातल्या दुसऱ्या नंबरवर आहे का, हे आईबाबांना एकदा विचारून घे.

तेव्हा रस्ता एकच, आधार दुरुस्त करणं. ते कसं करायचं यात मात्र बारकावे आहेत.

नाव आणि जन्मतारीख यांसाठी आधार केंद्रातच जावं लागतं. अपॉइंटमेंट घेता आली तर बघ, नाहीतर सकाळी उघडायच्या आधी जा. स्पेलिंग आणि तारीख, दोन्ही दुरुस्त्या एकाच अर्जात दे. तपशील कितीही असले तरी एका वेळच्या अर्जाला एकच शुल्क लागतं, आणि ते १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे. त्याहून जास्त मागितले तर पावती माग, आकडा आपोआप खाली येतो. जाताना मूळ जन्मदाखला आणि दहावीचं प्रमाणपत्र घेऊन जा. पण निघायच्या आधी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मान्य कागदपत्रांची यादी बघून घे, कारण नावासाठी चालणारे कागद आणि तारखेसाठी चालणारे कागद अशा दोन वेगळ्या याद्या असतात. आणि घरीच एक काम कर. जन्मदाखल्यावर तुझं नाव आणि आडनाव नेमकं कसं लिहिलंय ते वाच. काही जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं आईवडिलांचं असतं. तसं असेल तर आधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव घालून घ्यावं लागेल.

हा अर्ज जपून का करायचा, तर आधारमध्ये जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा. त्यापुढे प्रादेशिक कार्यालयाची परवानगी लागते. माझ्या टेबलासमोर एक मुलगा यायचा. त्याने आधी कोणाच्या तरी सांगण्यावरून आडनाव पुढे घेतलं, मग बँकेने अडवलं म्हणून परत मागे नेलं, आणि मूळ स्पेलिंगची चूक तशीच राहिली. दोन्ही संधी क्रमाच्या खेळात संपल्या. शेवटी कागदांची पिशवी घेऊन मुंबईला खेटे घालावे लागले. तुझी नावाची दुसरी संधी हातची राखून ठेव. पुढेमागे लग्नानंतर नाव बदलायचं ठरवलंस तर ती लागेल. ठरवलंस तर, असं म्हणतेय मी.

केंद्रावर ऑपरेटर टाइप करतो तेव्हा तुझ्या बाजूचा स्क्रीन बघ. इंग्रजी नाव टाइप झालं की मराठी नाव शेजारी आपोआप उमटतं, आणि ते यंत्र बिनडोक असतं. पवारचं 'पावर' झालेलं मी स्वतः पाहिलंय. ते तिथल्या तिथे हाताने सुधारता येतं. मग छापलेली पावती हातात आल्यावर खुर्चीवरून उठायच्या आधी वाच: नाव, तारीख, लिंग, मोबाइल नंबर. लिंगाची चौकट कोणी बघत नाही, आणि आधारवर एखादी मुलगी पुरुष म्हणून नोंदलेली असणं हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. पावतीवरचा नोंदणी क्रमांक जपून ठेव. त्यावरूनच अर्ज कुठवर आला ते कळतं.

बरेच अर्ज महिन्याभरात मार्गी लागतात, पण ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. तुझ्याकडे आहेत एकवीस दिवस. आता तू घाबरली असशील. घाबरू नकोस, कारण तुझ्या पत्रातलं दुसरं गृहीत आता बघायचंय. खातं नीट झाल्याशिवाय प्रवेश होणार नाही, असं तू धरून चाललीयस. पण प्रवेश आणि खातं या दोन वेगळ्या फाइली आहेत, आणि त्या तशाच वेगळ्या चालवायच्या.

नव्या विद्यापीठाला तुला तिसऱ्या वर्षाला घ्यायचं की नाही हे ठरवायला काय लागतं? चारही सेमिस्टरच्या गुणपत्रिका, जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन प्रमाणपत्र, कॉलेजचा दाखला आणि अभ्यासक्रमाची प्रत. दोन विद्यापीठांचे विषय जुळतात का, कुठली क्रेडिट मान्य करायची, एखादा विषय जादा करायला लावायचा का, हे त्यांची समकक्षतेची समिती ठरवते. खात्यातला आकडा ते ठरवत नाही. क्रेडिट बँक ही साठवण आहे. तिथे क्रेडिट दिसली म्हणून नवं विद्यापीठ ती घेईलच असं नाही, आणि आज दिसली नाहीत म्हणून तू ती कमावलीच नाहीस असंही नाही. राज्यातल्या नव्या रचनेत एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट असतात. ती तुझ्या प्रत्येक गुणपत्रिकेवर विषयापुढे छापलेली आहेत. खरं सांगायचं तर मला या तुझ्या समकक्षतेची काळजी स्पेलिंगपेक्षा जास्त वाटते, म्हणून अभ्यासक्रमाची प्रत जुन्या कॉलेजच्या शिक्क्यासह आजच मागून घे. ती ऐन वेळी मिळत नाही.

नव्या कॉलेजात जाताना हात हलवत जाऊ नकोस. सोबत अपार कार्डाची प्रत, गुणपत्रिका, आधार दुरुस्तीच्या पावतीची प्रत, आणि जुन्या कॉलेजला दिलेल्या अर्जाची पोच घेऊन जा. 'दुरुस्ती सुरू आहे, क्रेडिट जमा झाल्यावर कळवते' असं हमीपत्र देऊन तात्पुरता प्रवेश माग. खिडकीवरचे नाही म्हणाले तर प्राचार्यांना भेट आणि नकार लेखी द्या म्हण. लेखी म्हटलं की पुष्कळ नियम मवाळ होतात. त्या क्लार्कचंही समजून घे, त्याला वरून पत्रक आलेलं असतं, 'सर्व विद्यार्थ्यांचे अपार आयडी नोंदवा'. आयडी तुझ्याकडे आहेच. क्रेडिट दिसणं हा त्याच्या पुढचा टप्पा आहे, आणि तो त्याच्या हातात नाही की तुझ्या हातात नाही.

जुन्या कॉलेजला द्यायचा अर्ज लांबलचक नको. इतकाच:

"माझा पीआरएन अमुक, अपार आयडी अमुक. सेमिस्टर एक ते तीनची क्रेडिट माझ्या खात्यात जमा झालेली नाहीत, माझ्या वर्गातील इतर विद्यार्थ्यांची झाली आहेत. माझी नोंद न जुळल्याचे कारण कळवावे. गुणपत्रिकेवर नाव असे आहे, आधारवर असे आहे. आधारवरील आडनावाचे स्पेलिंग व जन्मतारीख दुरुस्तीसाठी दिली असून पावती सोबत जोडली आहे. दुरुस्ती झाल्यावर माझी नोंद विद्यापीठाकडे पुन्हा पाठवावी."

दोन प्रती काढ. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती परत आण. अर्जात पूर्ण आधार क्रमांक लिहू नकोस, शेवटचे चार अंक पुरेत. हे अर्ज महिनोन्महिने टेबलावर उघडे पडलेले असतात, मीच ठेवलेत.

आधारची दुरुस्ती मंजूर झाल्याचा संदेश आला की सगळं झालं असं समजू नकोस. इथे एक टप्पा बहुतेक जण विसरतात. डिजिलॉकरने तुझं नाव खातं उघडताना आधारवरून उचललं होतं, तेच जुनं नाव तिथे बसून राहू शकतं. डिजिलॉकरमध्ये जाऊन आधारचा तपशील नव्याने घे, मग अपार कार्ड उघडून नाव आणि तारीख वाच. कार्डावर अजून `Pavar` च असेल, तर डिजिलॉकरच्या मदत कक्षाकडे तक्रार नोंदव आणि तिचा क्रमांक लिहून ठेव. कार्ड बदलल्यावरच जुन्या कॉलेजला पुन्हा फोन कर. त्याआधी त्यांनी तुझी ओळ पुन्हा पाठवली तर ती पुन्हा पडेल, आणि दुसऱ्यांदा पडलेल्या ओळीकडे कोणी उत्साहाने बघत नाही.

क्रेडिट आली की नाही ते `abc.gov.in` वर डिजिलॉकरने लॉगिन करून दिसतं. तुझ्या सेमिस्टरला २२ क्रेडिट असतील तर तीन सेमिस्टरची ६६ दिसायला हवीत. कमी दिसली तर एखादा राहिलेला विषय आहे का ते बघ. एटीकेटीत अडकलेल्या विषयाची क्रेडिट तो सुटेपर्यंत येत नाहीत, त्यात नावाचा दोष नसतो. आणि चौथ्या सेमिस्टरसाठी त्या मैत्रिणीशी संपर्क ठेव. तिच्या खात्यात ते आलं आणि तुझ्या आलं नाही, तरच पुन्हा हालचाल करायची.

हे वाचणाऱ्या पालकांसाठी चार ओळी. तुमचं मूल शाळेत असेल तर त्याचा अपार आयडी शाळाच यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवरून काढते, तुमचं संमतीपत्र घेऊन. ही संमती ऐच्छिक आहे, देण्याआधी विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पण आयडी काढा वा न काढा, नववी संपायच्या आत एकदा शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधली आपल्या मुलाची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. दहावीच्या परीक्षेच्या अर्जात नाव तिथूनच जातं. मूल शाळेत असताना तिथली चूक मुख्याध्यापकांकडे अर्ज आणि जन्मदाखला देऊन, शिक्षण विभागाच्या मंजुरीने सुधारता येते. दहावीचं प्रमाणपत्र छापून आलं की तीच चूक विभागीय मंडळाच्या दारात जाते. पंधराव्या वर्षी मुलांच्या बोटांचे ठसे आणि फोटो आधारमध्ये नव्याने द्यावे लागतात. त्यासाठी केंद्रात जाणारच आहात, तर रजिस्टरचा उतारा आणि जन्मदाखला पिशवीत ठेवा आणि त्याच फेरीत नाव आणि तारीख ताडून बघा.

आणि हो, तू. उद्या सोमवार आहे. आधार केंद्राच्या आधी जुन्या कॉलेजात जा, तो बारा अंकी आकडा बघ. तो चुकलेला निघाला तर मला कळव, मग मी क्रम थोडा बदलून सांगेन.